प्लॅनमधली काळी जागा

कला-इतिहासाच्या तासाला मी रोममधल्या पॅन्थिऑन या प्राचीन देवळाचा प्लॅन दाखवत होते. दुपारची वेळ, पडदे ओढलेले, प्रोजेक्टरची घरघर आणि समोर ते प्रसिद्ध वर्तुळ. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, जिची रेखाटनं फार स्वच्छ असतात, बराच वेळ त्या प्लॅनकडे टक लावून बघत होती. मग तिनं विचारलं, “मॅडम, हा काळा भाग केवढा आहे! एवढी सगळी जागा भिंतीतच घालवली?” तास संपत आला होता आणि याचं उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. “पुढच्या वेळी बोलू,” म्हटलं, पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. स्वयंपाक करताना, रात्री वह्या तपासताना तो मधूनमधून डोकं वर काढत राहिला. रोमन वास्तूंबद्दल बोलताना आपण कायम पांढऱ्या भागाबद्दल बोलतो. केवढा मोठा मोकळा अवकाश, मध्ये एकही खांब नाही, वरून येणारा उजेड! तिनं मात्र प्लॅनमधला काळा भाग पाहिला. आणि मला वाटतं, सगळी गोष्ट त्या काळ्या भागातच आहे.

त्या रात्री मी कागद घेऊन साधा हिशेब केला. पॅन्थिऑनच्या आतल्या वर्तुळाचा व्यास 43.3 मीटर. भोवतीची भिंत सुमारे 6 मीटर जाड. म्हणजे आतली मोकळी जमीन साधारण 1470 चौरस मीटर भरते, आणि भिंत पूर्ण भरीव धरली तर तिच्याखालची जमीन भरते जवळपास 930. तीन भाग मोकळे ठेवायचे तर दोन भाग भिंतीला द्यायचे, असा हा व्यवहार आहे. भिंतीत कोनाडे कोरलेले आहेत, त्यामुळे प्रत्यक्षातली भरीव जागा याहून कमी, पण अंदाज यायला हे प्रमाण पुरेसं आहे. आपल्या घराची बाहेरची भिंत नऊ इंची असते आणि तीही आपल्याला जाड वाटते. मग ज्यांना मोकळी जागाच हवी होती, त्यांनी इतकी जागा का भरून टाकली?

आधी खांबांकडे जावं लागतं. इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातल्या मोठ्या सभामंडपात 134 खांब आहेत. मंडप प्रचंड आहे, पण आत उभं राहिलं तर कुठूनही पूर्ण दिसत नाही. प्रत्येक खांब मागच्या दोन खांबांना झाकतो. इतके खांब हौसेखातर उभे केलेले नाहीत. दोन खांबांवर दगडाची तुळई आडवी टाकली की ती स्वतःच्या वजनानं किंचित वाकते. वाकताना तिची वरची कड दाबली जाते आणि खालची कड ताणली जाते. दगड दाब भरपूर सोसतो, पण ताण त्याला फारसा सोसत नाही. अंतर वाढवलं की तुळई खालच्या बाजूनं, बरोबर मधोमध तडकते. तुळई जाड केली तर ताकद वाढते, पण वजनही वाढतं, आणि थोड्या मीटरांच्या पुढे हा खेळ दगडाच्या हाताबाहेर जातो. लाकडाचं छत त्याहून लांब पल्ला गाठतं, पण तिथं झाडाच्या लांबीची मर्यादा आहे, आणि आगीची भीती आहे. रोमसारख्या वारंवार पेटणाऱ्या शहरात ही भीती लहान नव्हती.

कमानीनं या अडचणीतून वाट काढली. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात रचले की वरचं वजन त्यांना खाली पाडू बघतं, पण खाली पडायला जागा नसते. प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबतो. तुळईतला ताण नाहीसा होतो, उरतो तो जवळजवळ निव्वळ दाब, आणि दाब तर दगडाला मानवतोच. इथवर पाठ्यपुस्तकं छान सांगतात. पुढचा अर्धा भाग मात्र एका ओळीत उरकतात, म्हणून तो मी वर्गात करून दाखवते. दोन मुलं समोरासमोर उभी करायची. तळहात तळहाताला टेकवायचे आणि दोघांनी एकमेकांवर रेलायचं. झाली कमान. आता दोघांनीही पाय हळूहळू मागे न्यायचे. काही क्षणांतच बूट फरशीवरून सरकायला लागतात, हसू येतं आणि कमान कोसळते. मग आणखी दोन मुलांना बोलवायचं, त्यांनी रेलणाऱ्यांच्या टाचांमागे आपले पाय घट्ट रोवायचे. आता कमान टिकते. टाचेशी जो जोर लागतो, तो रेटा. कमान फक्त खाली वजन टाकत नाही, ती बाजूलाही रेटते, आणि हा रेटा चोवीस तास, शेकडो वर्षं चालूच असतो. वजन आणि अंतर तेच ठेवून कमानीची उंची निम्मी केली, तर रेटा दुप्पट होतो. पाय मागे नेले की घसरगुंडी का वाढते, त्याचं उत्तर हेच.

खांब काढून टाकले, पण त्यांच्या जागी रेट्याचा प्रश्न आला.

रोमन अंतर्भागांचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: रेटा कुठे न्यायचा? कमान एकामागे एक लांबवत नेली की बोगद्यासारखं अर्धगोल छत तयार होतं. त्याला बॅरल व्हॉल्ट म्हणतात. त्याचा रेटा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, त्यांच्या संपूर्ण लांबीभर, इंचाइंचावर येतो. म्हणून त्या भिंती जाड हव्यात, सलग हव्यात, आणि त्यांत मोठ्या खिडक्या पाडायच्या म्हणजे रेटा झेलणाऱ्याचेच पाय काढून घेण्यासारखं. जागा मिळते, पण ती लांबट आणि काळोखी. आपल्याकडची मुलं इथं हमखास कार्ल्याच्या चैत्याचं नाव घेतात, आणि आकार खरोखरच तसा आहे. सुमारे 14 मीटर उंच अर्धगोल छत, खाली खांबांच्या रांगा, टोकाला स्तूप. पण कार्ल्याला डोंगर आतून कोरून काढला आहे. तिथं काहीही रचलेलं नाही, त्यामुळे काही कोसळू बघत नाही. छताला लावलेल्या लाकडी फासळ्या वजन पेलत नाहीत, त्या जुन्या लाकडी इमारतींची आठवण म्हणून तिथं आहेत. बाजूंना सह्याद्रीचा अख्खा कातळ आहे. कार्ल्यात शिरल्यावर मला जे गारवा देणारं, मायेनं वेढणारं वाटतं, तेच एखाद्या रोमन बोगदाछताखाली वाटतं, आणि तरी दोन्हींमागची यंत्रणा अगदी निराळी आहे. चित्रकारानं हा फरक ओळखायला हवा. आकार सारखा दिसला म्हणून वजनाचा प्रवास सारखा होत नाही.

कमान रोमनांनी शोधली नाही. मेसोपोटेमियात, इजिप्तमध्ये ती आधीपासून होती, बहुतेक गटारांसाठी, कोठारांसाठी, जमिनीखाली, जिथं रेटा झेलायला माती आपोआप मिळते. रोमनांची खरी भर म्हणजे त्यांचं काँक्रीट. चुना आणि ज्वालामुखीची माती, जिला पोझोलाना म्हणतात, यांचा घट्ट गारा करायचा आणि त्यात मुठीएवढे दगडाचे, विटेचे तुकडे थरावर थर बसवत जायचं. आजच्यासारखं पातळ काँक्रीट ओतायचं नाही, हातानं रचायचं. भिंत असेल तर दोन्ही बाजूंना आधी विटांचं आवरण उभं करायचं आणि मधली पोकळी या मिश्रणानं भरत वर जायचं. ठरावीक उंचीला दोन रोमन फूट लांबीरुंदीच्या मोठ्या विटांचा सलग थर द्यायचा. छत असेल तर खाली लाकडी सेंटरिंग. आपल्याकडे स्लॅब घालायच्या आधी इमारतीत बांबूंचं जंगल उभं राहतं, त्याच जातीचं, फक्त वरून गोल. पोझोलानाच्या रासायनिक गुणामुळे हा गारा जाड गाभ्यातही, जिथं हवा पोचत नाही तिथंही, घट्ट होतो. याचा खरा फायदा कामगारांच्या बाबतीत झाला. पाचरीचा प्रत्येक दगड मोजून, घासून, जुळवून बसवायला निष्णात पाथरवट लागतो. काँक्रीटचे थर रचायला थोडे जाणकार आणि भरपूर मजूर पुरतात. मग आकाराचं बंधन सुटतं. सुतार जो साचा उभा करेल, तसं छत होईल. पण या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या नाहीत. ताणाच्या बाबतीत ते दगडाइतकंच हतबल आहे. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

बोगदाछताचा काळोख फोडायचा एक मार्ग असा, की एक बोगदा दुसऱ्या बोगद्यात काटकोनात घुसवायचा. दोन्ही जिथं छेदतात तिथं तिरक्या कडा तयार होतात, आणि वजन त्या कडांवरून चार कोपऱ्यांत उतरतं. हा क्रॉस व्हॉल्ट, काही जण त्याला ग्रॉइन व्हॉल्ट म्हणतात. आता चारही बाजू मोकळ्या. भिंतीच्या वरच्या भागात भलीमोठी अर्धवर्तुळाकार खिडकी ठेवता येते, दोन उभ्या दांड्यांनी तिचे तीन भाग केलेले. रोमन स्नानगृहांत अशा खिडक्या असत, म्हणून तिला थर्मल विंडो म्हणतात. हे छत प्रत्यक्ष अनुभवायचं तर रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळचं सांता मारिया देली आंजेली हे चर्च बघावं. सम्राट डायोक्लेशियनच्या स्नानगृहाचं मुख्य दालन, बांधकाम 298 ते 306 च्या सुमाराचं. सोळाव्या शतकात मायकेलअँजेलोनं त्याचं चर्चमध्ये रूपांतर केलं. बाहेरून ती विटांची पडकी, आत वळलेली भिंत दिसते. आत एक लहान गोल दालन लागतं आणि तिथून पुढे पाऊल टाकलं की एकदम सगळं छत वर उडाल्यासारखं होतं. मी तिथं पहिल्यांदा शिरले तेव्हा नकळत मान इतकी मागे गेली की पाठीवरची पिशवी खांद्यावरून घसरली. दिव्यांचा, मेणाचा वास, लांब कुठेतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज, आणि तो आवाज विरायला लागणारा वेळ. लाल ग्रॅनाइटचे आठ अजस्र खांब समोर उभे असतात आणि डोळ्याला वाटतं, यांनीच छत उचललं आहे. खरं वजन त्यांच्या मागच्या भरीव भिंतींत उतरतं. खांब आपल्याला सांगतात की इथून वजन खाली गेलं, आणि नजरेला धीर देतात. ही फसवणूक मला आवडते, कारण ती डोळ्याच्या गरजेतून आलेली आहे.

आता पॅन्थिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळात, साधारण 125 च्या आसपास ते पूर्ण झालं. त्याचा घुमट म्हणजे कमान स्वतःभोवती फिरवल्यावर तयार होणारा आकार. जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही 43.3 मीटर, म्हणजे आत एक पूर्ण गोल बरोबर मावतो. खालची अर्धी उंची भिंतीची, वरची अर्धी घुमटाची. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण इमारतीला बाहेरून वळसा घालून मागच्या गल्लीत गेलं, की वेगळंच दिसतं. पुढची गर्दी, आइस्क्रीम, फोटो, सगळं मागे पडतं. रस्ता गेल्या अनेक शतकांत वर चढल्यामुळे इमारत एका खंदकात उभी असल्यासारखी वाटते, आणि समोर येते ती उघडी विटांची भिंत. विटा पातळ, लांबट, तांबूस-पिवळ्या, उन्हानं कोमट झालेल्या. आणि त्या सपाट भिंतीत, जिथं काही दार नाही, खिडकी नाही, तिथं विटांच्या मोठमोठ्या कमानी बुजवलेल्या दिसतात. त्या सजावटीच्या नाहीत. भिंतीच्या आत, पलीकडच्या बाजूला जे मोठे कोनाडे आहेत, त्यांच्या डोक्यावरचं वजन बाजूच्या भरीव भागांकडे वळवण्यासाठी त्या घातल्या आहेत. आतून कोनाडे दिसतात, बाहेरून त्यांच्या कमानी दिसतात, आणि मधली 6 मीटर जाडी कुणाला दिसत नाही. खरं तर ती गोल भिंत म्हणजे आठ प्रचंड पाय आहेत. आठ पायांच्या मध्ये सात कोनाडे आणि एक दरवाजा. पायांच्याही पोटात लहान पोकळ खोल्या सोडल्या आहेत, काही प्रमाणात तरी जाड काँक्रीट नीट वाळावं आणि वजन कमी व्हावं म्हणून.

माझ्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला आधी हेच दाखवलं. काळी जागा भरलेली आहे, पण आंधळेपणानं भरलेली नाही.

आणि ती सगळीकडे एकाच वस्तूनं भरलेली नाही. जमिनीखालच्या पायात ट्रॅव्हर्टाइनसारख्या जड दगडाचे तुकडे. त्यावर भिंतीत ट्रॅव्हर्टाइन आणि टफ हा हलका ज्वालामुखीय दगड. आणखी वर टफ आणि विटांचे तुकडे. घुमटात शिरल्यावर विटा, आणि अगदी माथ्याकडे टफबरोबर सच्छिद्र, फेसासारखा हलका लाव्हा. पायथ्याकडच्या काँक्रीटचं वजन घनमीटरला दोन टनांच्या वर, तर माथ्याजवळ साडेतेराशे किलोच्या आसपास. जाडीही तशीच उतरत जाते. घुमट भिंतीवर टेकतो तिथं जवळपास 6 मीटर, आणि वर ऑक्युलसच्या, म्हणजे त्या उघड्या गोल झरोक्याच्या, काठाशी फक्त 1.2 मीटर. आता टाचांची गोष्ट आठवा. आकार तोच ठेवून रेटा आवरायचा असेल तर दोन उपाय: वरचं वजन घटवा, किंवा टाचेशी वजन वाढवा. रोमनांनी दोन्ही केलं. माथा हलका केला आणि खांदे जड केले. बाहेरून पॅन्थिऑनचा घुमट एखाद्या उथळ ताटलीसारखा का दिसतो, ते यावरून कळतं. आतून तो पूर्ण अर्धगोल आहे, पण बाहेरची भिंत आतला घुमट सुरू होतो त्या पातळीच्या कितीतरी वर जाते. घुमटाचा खालचा भाग त्या भिंतीत बुडालेला आहे. त्याच्या वर पायऱ्यांसारख्या सात कड्या आहेत. चढण्यासाठी केल्यासारख्या वाटतात, पण त्या वजन म्हणून ठेवल्या आहेत, घुमटाचा खांदा बाहेर फुटू नये यासाठी. विद्यार्थ्यांनी पॅन्थिऑनचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर दिसेल ते चित्र, काढावा असा माझा आग्रह असतो तो यासाठीच. दर्शनी चित्रात हे काही दिसत नाही. सेक्शनमध्ये आतली रेषा आणि बाहेरची रेषा एकमेकींपासून दूर जातात, आणि त्या दोन रेषांमधल्या अंतरात सगळी अक्कल आहे.

आतल्या चौकोनी खोलगट खणांबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. 28 खणांच्या 5 रांगा आहेत, आणि त्यांच्यामुळे घुमट हलका झाला असं सर्रास सांगितलं जातं. थोडा झालाही, पण तो परिणाम किरकोळ आहे. खरं काम वर सांगितलेल्या हलक्या दगडांनी केलं. रॉबर्ट मार्क आणि पॉल हचिन्सन यांनी 1980 च्या दशकात संगणकावर या घुमटाची तपासणी केली. त्यात दिसलं की माथ्यापर्यंत सगळीकडे सारखंच जड काँक्रीट वापरलं असतं, तर आतले ताण-दाब सुमारे 80 टक्क्यांनी वाढले असते. खणांचं खरं मोल डोळ्यांसाठी आहे. ते वर जाताना लहान होत जातात, त्यांच्या कडा खालून बघणाऱ्याचा विचार करून तिरक्या कापल्या आहेत, आणि दिवसभर फिरणारा उजेड त्यांच्या सावल्या हलवत राहतो. काँक्रीटच्या वजनदार पोटाला त्यांनी एक लय दिली. हे चित्रकाराचं काम आहे, अभियंत्याचं नव्हे, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

मग ऑक्युलस. जवळपास 9 मीटर रुंदीचं भोक, थेट आकाशाला उघडं. “माथ्यावरचा दगडच नाही, मग घुमट पडत कसा नाही?” हा प्रश्न प्रत्येक वर्षी येतो. माथ्याजवळ घुमटाच्या सगळ्या बाजू आत, मध्याकडे ढकलत असतात. तिथं उभ्या विटांची एक भक्कम कडी आहे. सगळीकडून सारखा दाब आला की ती कडी आणखीच घट्ट होते, आणि दाब तिला झेपतो. मधला भाग भरायची गरजच उरत नाही. उलट तिथं काही ठेवलं नाही म्हणून सर्वांत वरचं वजन वाचलं. पाऊस मात्र आत येतो. फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि तिच्यात पाणी जायला लहान भोकं ठेवली आहेत. मी एकदा पावसात तिथं होते. पावसाचा एक उभा, बारीक खांब मधोमध उतरत होता, फरशीवर ओलं वर्तुळ पसरत होतं, आणि माणसं त्या वर्तुळाच्या काठाने, आपोआप शिस्तीत, उभी होती.

माथ्याला दाब आहे, पण खालच्या भागाचं काय? घुमटाच्या बुंध्याशी परिस्थिती उलटी होते. तिथं घुमट बाहेर फाकू बघतो आणि त्याच्या परिघावर ताण येतो. सळ्या नसलेल्या काँक्रीटला ताण सोसत नाही, हे आपण आधी पाहिलं. म्हणजे त्याला तडे जायला हवेत. आणि गेलेच आहेत. 1930 च्या दशकात अल्बर्तो तेरेन्झियो यांनी तपासणी केली तेव्हा घुमटात बुंध्यापासून वर चढणाऱ्या उभ्या भेगा नोंदल्या गेल्या. त्या अर्ध्याहून बऱ्याच वर जातात आणि मग थांबतात, कारण त्याच्या पुढे दाबाचा प्रदेश सुरू होतो. मी ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला धक्का बसला होता आणि थोडं वाईटही वाटलं होतं. जुनी पुस्तकं सांगायची की रोमन घुमट म्हणजे एकसंध काँक्रीटचं झाकण, भांड्यावर ठेवावं तसं ठेवलेलं, त्याला रेटाच नाही. भेगांनी ही कल्पना मोडीत काढली. पॅन्थिऑनचा घुमट खालच्या भागात एकसंध राहिलेला नाही. तो माथ्याच्या कडीशी एकत्र येणाऱ्या, वर्तुळात उभ्या केलेल्या कमानींसारखा काम करतो. प्रत्येक कमान बाहेर रेटते. आणि त्या रेट्याला उत्तर देते ती 6 मीटरची भिंत आणि खांद्यावरच्या सात कड्या. भिंत पातळ असती तर त्या भेगा रुंदावत गेल्या असत्या आणि एक दिवस घुमट फाकला असता. म्हणजे भेगा पडूनही इमारत उभी आहे ती त्या काळ्या जागेच्या जोरावर. भिंतीचा पाया मात्र इतकं होऊनही पुरेसा वाटला नसावा. मूळ पायाला बाहेरून आणखी एक रिंगण घालून तो 7 मीटरांवरून 10 मीटरांच्या पुढे रुंद केलेला आहे. खालची जमीन पाणथळ, चिकणमातीची आहे.

मग प्रश्न पडतो, एवढी जाडी नुसती भरून टाकण्याऐवजी तिचा काही उपयोग नाही का करता येणार? याचं उत्तर जवळपास दोनशे वर्षांनी, फोरम या रोमच्या जुन्या चौकाच्या कडेला, सम्राट मॅक्सेन्शियसच्या बॅसिलिकेत, म्हणजे भव्य सार्वजनिक सभागृहात सापडतं. मॅक्सेन्शियसनं ती 308 च्या सुमारास सुरू केली आणि कॉन्स्टंटाइननं पूर्ण केली. मधलं दालन सुमारे 80 मीटर लांब, 25 मीटर रुंद, आणि छत 35 मीटरांवर, तीन क्रॉस व्हॉल्ट ओळीनं. या तिन्हींचा लांबीच्या दिशेचा रेटा शेजारचाच व्हॉल्ट परतवतो. उरला तो आडव्या दिशेचा, कोपऱ्याकोपऱ्यांतून बाहेर येणारा. तो झेलायला दोन्ही बाजूंना काटकोनात आडव्या भिंती आहेत. आणि त्या आडव्या भिंतींच्या मधल्या जागेवर बोगदाछतं टाकून तीन-तीन दालनं केली आहेत. टाचांमागे पाय रोवून उभी असलेली मुलं इथं खोल्या झाली आहेत. पॅन्थिऑनच्या प्लॅनमध्ये काळं रिंगण आहे. बॅसिलिकेच्या प्लॅनमध्ये तेच काळं तुटून रेघांमध्ये विभागलं आहे, आणि रेघांच्या मध्ये माणसं चालू शकतात. माझ्या मते मोठ्या अंतर्भागाच्या बाबतीत रोमनांनी घेतलेली ही सर्वांत लांबची उडी आहे, पॅन्थिऑनहूनही लांबची, जरी पॅन्थिऑन जास्त देखणं असलं तरी.

आज तिथं गेलं तर उत्तरेकडची तीन बोगदाछतं उभी दिसतात. आत अष्टकोनी खण, विटांचा गाभा उघडा, वर गवत. मधलं छत आणि दक्षिणेची बाजू भूकंपांत गेली. जे उभं आहे ते का टिकलं, हे त्याच नियमानं समजतं. तीन बोगदे शेजारी शेजारी असल्यामुळे एकाचा रेटा दुसऱ्याच्या रेट्याला अडवतो, फक्त टोकाच्या भिंतींना एकटं लढावं लागतं. कोपऱ्यांकडे नजर टाकली तर वर, हवेत, पुढे झुकलेले काँक्रीटचे तुटके लोंबते तुकडे दिसतात. मधलं छत तिथून उगवत होतं. बहुतेक लोक त्या तीन दालनांनाच बॅसिलिका समजून फोटो काढतात. ती तिच्या बाजूची दालनं आहेत. खरी इमारत त्यांच्यापुढच्या मोकळ्या, उन्हानं तापलेल्या मैदानात होती. मधल्या दालनात भिंतीशी संगमरवराचे आठ खांब होते. त्यांपैकी एकच टिकला, आणि 1614 मध्ये पोप पाचव्या पॉलनं तो सांता मारिया माज्जोरे चर्चसमोरच्या चौकात नेऊन उभा केला. त्याच्यावर आता मेरीची मूर्ती आहे. खांबाची उंची 14 मीटरांच्या आसपास आहे. त्याच्या शेजारी उभं राहून मान वर करावी, आणि मग असे अडीच खांब एकावर एक धरावेत, तर बॅसिलिकेचं छत केवढ्या उंचीवर होतं याचा अंदाज येतो.